मार्चअखेरची ७८ लाखांची विक्री: एका फाउंड्रीच्या ऑडिटच्या नोंदी

१२ मे

क्लायंट बेळगावच्या उद्यमबागेतली ग्रे आयर्न कास्टिंगची फाउंड्री. नाव देत नाही. आकडेही ओळख पटणार नाही इतपत हलवलेत, पण त्यांचं आपापसातलं नातं तसंच ठेवलंय. पुढच्या वर्षी जे आमच्या सीए ऑफिसात आर्टिकलशिपला येतील आणि ज्यांच्या गळ्यात विक्री आणि येणी पडतील, त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतेय.

पहिल्याच दिवशी दोन गोष्टी डोळ्यांत भरल्या. वर्षाची विक्री २० कोटी ४ लाख. इतर महिन्यांत सरासरी १ कोटी ६० लाख आणि मार्चमध्ये एकदम २ कोटी ४० लाखांच्या वर. त्यातही २९ ते ३१ मार्च या तीन तारखांची सहा बिलं, सगळी कोल्हापूरच्या एकाच मशिन शॉपवर, मिळून ७८ लाख, जीएसटी वेगळा. दुसरी गोष्ट म्हणजे ढोबळ नफा. गेल्या वर्षी २१ टक्के होता, यंदा २४.

प्रश्नांची यादी करून दुपारी फायनान्स मॅनेजरांकडे दिली.

१३ मे

मॅनेजर म्हणजे हसतं खेळतं प्रकरण. सकाळी मी खुर्चीत टेकायच्या आधी टेबलावर कुंदा आणि चहा हजर. "बस की गं बेटा, आधी खा, आकडे कुठं पळून जात नाहीत." मी खानापूरहून येते म्हटल्यावर त्यांच्या मामांचं घर, तिथला पाऊस, लोंढ्याची गाडी, सगळं निघालं. मग माझी यादी घेतली आणि एकही फाईल न उघडता उत्तरं दिली.

मार्चची विक्री: कोल्हापूरवाल्यांच्या यार्डात काँक्रीटचं काम चालू होतं, माल उतरवायला जागा नव्हती. एक एप्रिलपासून दर वाढणार होता, त्यामुळे जुन्या दराने बिल करून ठेवा, माल तुमच्याकडेच राहू दे, असं त्यांनीच सांगितलं. तसं पत्रही आहे. लेखा मानक ९ मध्ये अशी विक्री धरायला मुभा आहे, परिशिष्ट बघ. (बघितलं, आहे. गिऱ्हाइकाच्या विनंतीवरून डिलिव्हरी थांबली, त्याने मालकी आणि बिल मान्य केलं, आणि माल हातात, वेगळा काढलेला, पाठवायला तयार असेल तर विक्री धरता येते.)

नफा: नवीन सँड टेस्टिंग सुरू केलं, रिजेक्शन ९ टक्क्यांवरून ६ वर आलं. "तीन टक्के रिजेक्शन कमी, तीन टक्के नफा जास्त. गणित सरळ आहे की!"

मी न विचारलेलंही त्यांनी दिलं. कोल्हापूरकडून पूर्ण पैसे आल्याचं मे महिन्याचं बँक स्टेटमेंट, मार्चच्या जीएसटीआर-१ मध्ये सहाही बिलं दाखवल्याची प्रत आणि कोल्हापूरवाल्यांच्या सहीशिक्क्याचं ३१ मार्चचं बॅलन्स कन्फर्मेशन, म्हणजे त्या दिवशी इतकं देणं आहे हे मान्य करणारा कागद, १ कोटी ४१ लाख ६० हजार, कंपनीच्या लेजरशी रुपयाला रुपया जुळणारं. सगळं एका पारदर्शक फोल्डरमध्ये, क्रमाने लावलेलं.

संध्याकाळी वर्किंग पेपरमध्ये लिहिलं: स्पष्टीकरण मिळालं, कागदपत्रं पाहिली, समाधानकारक.

१५ मे

सरांनी पेपर परत पाठवला. शेरा दोन ओळींचा. पहिली ओळ: "रिजेक्ट झालेलं कास्टिंग जातं कुठे?" दुसरी: "प्रत्येक कागदापुढे लिही, गोष्ट खोटी असती तर हा कागद वेगळा दिसला असता का?"

पहिल्याचं उत्तर शॉपवर अर्ध्या तासात मिळालं. रिजेक्ट माल परत भट्टीत जातो. धातू वाया जात नाही. वाया जाते ती वीज, मजुरी, कोअर आणि थोडा मिश्रधातू. इथे किलोमागे खर्च साधारण ९५ रुपये, त्यातले ४५ च्या आसपास धातूचे. म्हणजे तीन टक्के रिजेक्शन घटलं तर उरलेल्या पन्नासेक रुपयांवर तीन टक्के, किलोमागे दीड रुपया. विक्रीचा दर १२० रुपये धरला तर नफ्यात सव्वा टक्का वाढ. तीन नाही. बाकी पावणेदोन टक्के कुठून आले याचं उत्तर त्या सुंदर स्पष्टीकरणात नव्हतंच. तीनाला तीन जुळले म्हणून मी पुढे गेले होते.

हेही लिहून ठेवते की रिजेक्शन खरंच घटलं होतं. क्यूसीचे तक्ते पाहिले. मॅनेजर त्या बाबतीत खोटं बोलले नव्हते. त्यामुळे तर पुढचं पटलं.

१६ मे

दुसऱ्या ओळीवर बसले. फोल्डरमधला एकेक कागद घेतला.

मेमध्ये पैसे आले. माल एप्रिलमध्ये ओतला, एप्रिलमध्ये पाठवला असता तरी पैसे मेमध्येच आले असते. म्हणजे या जमेने गिऱ्हाईक खरं आहे आणि येणं वसूल होणारं आहे एवढं कळतं. विक्री मार्चची की एप्रिलची, याबद्दल ती काहीच सांगत नाही. येणी तपासताना "नंतर पैसे आले का" ही चाचणी आपण इतक्या सवयीने लावतो की ती कट-ऑफला, म्हणजे विक्री कुठल्या वर्षात पडते हे ठरवायलाही, चालते असं वाटायला लागतं.

जीएसटीआर-१: मार्चचं रिटर्न ११ एप्रिलपर्यंत भरता येतं. तोवर मार्चच्या तारखेचं बिल केलं तरी ते त्यात जाणारच. हाही कागद दोन्ही गोष्टींत सारखाच दिसला असता.

कन्फर्मेशन: मी पाठवलं नव्हतं, मॅनेजरांनी मागवलं आणि मॅनेजरांनीच हातात दिलं. मधला प्रवास मला माहीत नाही.

पत्र: तारीख २७ मार्च. शांतपणे पुन्हा वाचलं. "बिल क्रमांक ६१२ ते ६१७ चा माल आपल्याकडे ठेवावा." ही बिलं २९ ते ३१ मार्चची. २७ तारखेला पत्र लिहिणाऱ्याला त्यांचे नंबर कळले कसे?

परवा हेच पत्र मी वाचलं होतं. सही, शिक्का आणि मजकूर पाहिला, तारीख आणि नंबर एकमेकांशेजारी ठेवून पाहिले नाहीत.

१७ मे

सहाही बिलांच्या प्रिंट मागवल्या. ई-इनव्हॉइस आहेत, म्हणजे क्यूआर कोडशेजारी पोर्टलने दिलेली Ack Date, म्हणजे बिल पोर्टलवर नोंदल्याची तारीख, छापलेली असते. ती कंपनीला हवी तशी टाकता येत नाही. सहाही बिलांवर ९ एप्रिल.

मॅनेजरांना विचारलं. एक क्षणही गेला नाही. "अगं मार्चएंडला पोर्टल कधी चाललंय? सगळं गाव एकदम चढतं. आम्ही कागदावर बिल केलं, नंतर चढवलं." हसले, आणि मलाही हसू आलं, कारण पोर्टल अडकतं हे आम्हा सगळ्यांना माहीतच आहे.

या वेळी मात्र उत्तर ऐकून पेन उचललं नाही. पोर्टल बंद असेल तर ते सगळ्याच गिऱ्हाइकांसाठी बंद असेल. ३० आणि ३१ मार्चची बाकीची बिलं काढली. पुणे, हुबळी, गोकुळ शिरगाव. सगळ्यांची Ack Date त्याच दिवसाची. ३१ तारखेला संध्याकाळी सात वाजून गेल्यावरसुद्धा एक चढलेलं आहे.

हे मी त्यांना परत जाऊन सांगितलं नाही. सरांनी आधीच बजावलं होतं: दर वेळी सापडलेलं दाखवत बसलीस तर दर वेळी नवीन उत्तर मिळेल. आधी स्वतंत्र पुरावा गोळा कर, मग एकदाच बस.

१९ मे

रुपये बाजूला ठेवून टनांत हिशेब केला. या कंपनीच्या टॅलीत तयार मालाचा साठा नगांत किंवा किलोत ठेवत नाहीत. वर्षाअखेरी मोजणी होते आणि रक्कम टाकली जाते. त्यामुळे नसलेला माल विकला तरी पुस्तकात साठा उणे दिसत नाही. हे आम्ही पहिल्याच दिवशी लिहून ठेवायला हवं होतं.

आकडे वेगवेगळ्या टेबलांवरून जमवावे लागले. १ मार्चला तयार माल १८ टन, स्टोअरच्या वहीतून. मार्चमध्ये फेटलिंग आणि शॉट ब्लास्टिंग, म्हणजे ओतल्यानंतरची साफसफाई, होऊन आलेला चांगला माल १३२ टन, क्यूसीकडून. बेरीज १५० टन. बिलांप्रमाणे मार्चमध्ये गेलेला माल २०० टन.

पन्नास टन कमी पडतात.

त्यातून वर ३१ मार्चच्या मोजणीत १५ टन तयार माल सापडला होता. मोजणीला आमच्याच ऑफिसमधला दुसरा आर्टिकल उभा होता, त्याच्या शीटवर आहे. कोल्हापूरची ७८ लाखांची बिलं १२० रुपये दराने ६५ टनांची होतात. बिलं केलेले ६५, जागेवर असलेले १५, कमी पडणारे ५०. म्हणजे मार्चमध्ये गेटबाहेर खरोखर गेला तो १३५ टनच, आणि कोल्हापूरच्या मालातला जास्तीत जास्त १५ टन त्या दिवशी अस्तित्वात होता. तो १५ टनसुद्धा वेगळा काढून ठेवलेला नव्हता. मोजणीत कंपनीचा स्वतःचा साठा म्हणून धरला होता, रकमेसकट.

२० मे

हिशेबाने आलेलं उत्तर हिशेबातच राहू नये म्हणून मालापर्यंत जायचं ठरलं. भट्टीत एका वेळी वितळवलेला धातू म्हणजे एक हीट, आणि प्रत्येक कास्टिंगवर हीट कोड उठवलेला असतो: महिन्याचं अक्षर, तारीख, त्या दिवसाची कितवी हीट. सी म्हणजे मार्च, डी म्हणजे एप्रिल. कुठल्या तारखेला धातू वितळला ते कास्टिंग स्वतःच सांगतं.

भट्टीची हीटवही मागितली. मॅनेजर म्हणाले, "ती कन्नडात आहे गं, ऑपरेटरच्या अक्षरात. तुला कशाला त्रास? आमच्या पोरानं एक्सेल करून ठेवलंय." पाच मिनिटांत मेल आली. स्वच्छ, रंगीत, महिन्याप्रमाणे बेरजा. कोल्हापूरच्या पॅटर्नच्या सगळ्या हीट मार्चमध्ये.

मी मराठी शाळेत शिकले असले तरी कन्नड भाषाही तिथेच शिकलेय, इथे सगळ्यांनाच शिकावी लागते. मूळ वही बघते म्हटलं. त्यावर पहिल्यांदाच थोडा वेळ गेला. वही दुपारी नाही, दुसऱ्या दिवशी मिळाली. तो अर्धा दिवस वायाच.

२१ मे

भट्टीजवळ उकाडा असह्य, म्हणून शिफ्ट सुपरवायझर मामांनी वही क्यूसीच्या खोलीत आणली. ते हसले: "साहेब लोक ही वही बघायला पहिल्यांदाच आलेत." तारीख, हीट नंबर, चार्जचं वजन, पॅटर्न. अक्षर वाईट, पण खाडाखोड नाही, आणि पान भरल्यावर सही.

एप्रिलमध्ये कोल्हापूरला माल गेला तेव्हा प्रत्येक गाडीबरोबर तपासणी अहवाल गेला होता. त्याची प्रत क्यूसीत राहते, अकाउंट्सला जात नाही. त्यात नग आणि हीट कोड लिहिलेले. सगळ्या गाड्यांचे अहवाल घेऊन कोड वहीशी लावले.

४१ टनांवर डी. एप्रिलमध्ये वितळलेला धातू, पहिली हीट ३ एप्रिलची. उरलेल्या २४ टनांवर सी, पण त्यातला ९ टन ३१ मार्चच्या मोजणीत फेटलिंगच्या रांगेत, अर्धवट माल म्हणून लिहिलेला. तयार १५ टन. एकेचाळीस आणि नऊ, पन्नास. परवाच्या टनांच्या हिशेबाला हे जुळलं तेव्हा वही मिटली.

वहीतल्या आणि एक्सेलमधल्या फरकाची पानं फोटो काढून फाईलला लावली. एक्सेल ज्या पोराने केलं त्याला मी काही विचारलं नाही. त्याला जे सांगितलं ते त्याने टाईप केलं असणार.

२३ मे

कन्फर्मेशन पुन्हा मागवलं, या वेळी आमच्या ऑफिसातून. पत्ता जीएसटी पोर्टलवरून घेतला, मेल आयडी गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या वेबसाईटवरून. मॅनेजरांनी दिलेला नंबर वापरला नाही. उत्तर थेट सरांच्या मेलवर यावं असं लिहिलं आणि रक्कम कोरी ठेवली. रक्कम छापून पाठवली की समोरचा नुसती सही करून मोकळा होतो.

२९ मे

उत्तर आलं, त्यांच्या अकाउंट्स विभागाकडून. ३१ मार्चला देणं ४९ लाख ५६ हजार. कंपनीच्या आकड्याशी फरक ९२ लाख ४ हजार, म्हणजे बरोबर ७८ लाख आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी. सोबत खरेदी नोंदवहीचा उतारा: माल आला एप्रिलमध्ये, शेवटचा २४ तारखेला, बिलं तेव्हाच नोंदवली. २७ मार्चचं पत्र अकाउंट्सला माहीत नाही. पहिल्या कन्फर्मेशनवरची आणि पत्रावरची सही त्यांच्या खरेदी विभागातल्या एकाची आहे, असंही कळवलं. त्याने ती कधी आणि का केली हे शोधणं आमच्या कक्षेत नव्हतं.

३१ मे

सर, मी आणि मॅनेजर बसलो. सरांनी आवाज चढवला नाही. टनांचा एक कागद, हीट कोडचा एक, कोल्हापूरचं उत्तर. मॅनेजरांनी पहिल्यांदा यार्डाचं काँक्रीट काढलं, मग पोर्टल, मग १५ टन तरी खरा होता की नाही, ते. तिसरं म्हणणं सरांनी गंभीरपणे घेतलं आणि मलाच उत्तर द्यायला लावलं. १५ टन होता, पण वेगळा काढलेला नव्हता, कंपनीच्या साठ्यात मोजलेला होता, आणि गिऱ्हाइकाने ३१ मार्चला बिल मान्य केल्याचा एकही विश्वासार्ह कागद नाही. बिलच मुळी ९ एप्रिलला झालं. सगळेच ७८ लाख मागे घ्यावे लागतील.

मग त्यांनी सांगितलं. नवीन भट्टीच्या मुदत कर्जासाठी बँकेला २० कोटींच्या विक्रीचा अंदाज दिला होता. मार्चच्या शेवटी आकडा १९ कोटी २६ लाखांवर अडकला. ऑर्डर खरी होती, माल पुढच्या महिन्यात जाणारच होता. "चार दिवसांचाच प्रश्न होता ओ सर." हे म्हणतानाही ते हसतच होते, मला वाटतं सवयीने.

मी धरून चालले होते की ७८ लाखांची विक्री मागे घेतली की नफ्यातून फक्त तेवढ्या विक्रीवरचा नफा, सोळा लाखांच्या आसपास जाईल. तसं नाही. ४१ टनाचा खर्च एप्रिलमध्ये झाला, मार्चच्या पुस्तकात आलाच नव्हता. बाकी २४ टनाचा खर्च साठ्यात बसलेला होता. विक्री आली, तिच्यासमोर खर्च काहीच आला नाही, म्हणून नफ्यातून पूर्ण ७८ लाख गेले. ढोबळ नफा २४ वरून २०.९ टक्क्यांवर. गेल्या वर्षीचे २१ आठवा. रिजेक्शनमुळे जो सव्वा टक्का वाढायला हवा होता तो पिग आयर्नच्या वाढलेल्या भावात गेला. खरेदीची बिलं लावून ते नंतर तपासलं.

४ जून

दुरुस्ती नोंद झाली. विक्री १९ कोटी २६ लाख. सर संचालकांना स्वतः भेटले, लेखी कळवलं. ऑडिटरने गैरव्यवहार कळवण्याबद्दलचं कंपनी कायद्याचं कलम १४३(१२) इथे लागतं का, हा निर्णय त्यांनी आणि दुसऱ्या पार्टनरांनी घेतला, कारणं फाईलमध्ये आहेत, मला त्यात बोलण्याइतकं कळत नाही. मॅनेजरांनी दिलेली वर्षातली इतर मोठी स्पष्टीकरणं आम्ही परत उघडली. दोन ठीक निघाली. दुरुस्ती-देखभालीच्या खर्चाचं एक अजून चालू आहे.

वेळेचा हिशेब: विक्री आणि येण्यांसाठी चार दिवस ठरले होते, गेले तीन आठवडे, त्यातला एक आठवडा कोल्हापूरच्या उत्तराची वाट पाहण्यात. फी वाढली नाही. कन्फर्मेशन पहिल्याच दिवशी आमच्याकडून गेलं असतं तर १८ मेलाच चित्र स्पष्ट झालं असतं.

पुढच्या वर्षाच्या प्लॅनमध्ये टाकलेलं: ३१ मार्चच्या मोजणीला जो जाईल त्याने तयार मालाच्या प्रत्येक ढिगातले काही हीट कोड शीटवर उतरवायचे, फेटलिंगच्या रांगेचं वजन वेगळं लिहायचं आणि भट्टीच्या मूळ वहीच्या शेवटच्या पानाचा त्याच दिवशी फोटो घ्यायचा. कन्नड वाचणारा कुणीतरी बरोबर असावा. बँकेला सुधारित आकडे गेल्याची प्रत मागितली आहे, अजून आलेली नाही.